आकडे पाठ, मोजणी कच्ची : चिमुकल्यांच्या मराठी व्हिडिओंचे नेमके कुठे चुकते?

इंग्रजी आकडेगाण्यांवर मराठी शब्द चिकटवून मोजणी शिकवता येत नाही. अर्धापूरच्या केळीच्या फणीतून ती कशी शिकवता येईल, आणि मूल शिकले की नाही हे कसे ओळखावे?

साडेतीन वर्षांचे मूल फोनवरचे गाणे लागले की ‘एक, दोन, तीन’ म्हणत थेट दहापर्यंत जाते. घरच्यांना कौतुक वाटते, पाहुण्यांसमोर पुन्हा म्हणायला लावले जाते. त्याच मुलासमोर दहा-बारा बांगड्या ठेवून ‘मला तीन दे’ म्हटले, तर ते अनेकदा मूठभर उचलून देते. कधी दोन, कधी सहा. मूल हुशार नाही असा याचा अर्थ नव्हे. आकड्यांची ओळ पाठ होणे आणि ‘तीन’ म्हणजे किती हे कळणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि फोनवरचा बहुतेक मजकूर पहिल्याच गोष्टीपाशी थांबतो, एवढाच त्याचा अर्थ.

अर्धापूरसारख्या तालुक्यात घरोघरी स्मार्टफोन पोहोचला आहे. लहान मुलांसाठी मराठीत बडबडगीते, कार्टून गोष्टी आणि आकड्यांचे खेळही आता पुष्कळ मिळतात. मात्र त्यातले बरेचसे मूळ इंग्रजी किंवा हिंदी चित्रफितीवर मराठी आवाज चढवून केलेले असते. गोष्टीच्या बाबतीत हे एक वेळ खपून जाते. मोजणीच्या बाबतीत खपत नाही, कारण मोजणी भाषेच्या घडणीवर उभी असते. मराठीतले आकडे, त्यांचा ठेका आणि वस्तूंची अनेकवचने इंग्रजीसारखी चालत नाहीत.

मूल ‘तीन’ शिकते म्हणजे काय शिकते?

मुलांच्या मोजणीवर जगभर झालेल्या अभ्यासात एक साधी चाचणी वापरली जाते. मुलासमोर वस्तूंचा ढीग ठेवायचा आणि ठरावीक संख्या मागायची. या चाचणीतून दिसलेला क्रम बहुतेक मुलांत सारखाच असतो. अडीच-तीन वर्षांच्या आसपास मुलाला फक्त ‘एक’ कळतो. एक मागितला तर एक देते, त्यापुढचे काहीही मागितले तर मूठभर देते. काही महिन्यांनी ‘दोन’ कळतो, पुन्हा काही महिन्यांनी ‘तीन’. साधारण साडेतीन-चार वर्षांच्या सुमाराला त्याला एकदम उलगडा होतो की मोजताना शेवटी म्हटलेला आकडा हाच सगळ्या वस्तूंचा आकडा असतो. त्यानंतर पाच, सहा, सात असे काहीही मागितले तरी ते मोजून देऊ लागते. कुणाला हे लवकर साधते, कुणाला उशिरा.

म्हणजे दहापर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला प्रत्यक्षात फक्त ‘दोन’ कळत असू शकतो. अशा मुलाला एक ते शंभरचे गाणे दाखवून पुढे ढकलता येत नाही. त्याची पुढची पायरी ‘तीन’ आहे, अकरा नव्हे.

या वयासाठीच्या मजकुराची पहिली अट इथूनच निघते. एका चित्रफितीत एकच संख्या असावी, आणि ती संख्या वेगवेगळ्या वस्तूंतून पुन्हा पुन्हा यावी. तीन केळी, तीन शेळ्या, तीन टाळ्या, तीन उड्या. दहा सेकंदांत दहा आकडे आणि दहा प्राणी दाखवणाऱ्या गाण्यात मुलाला यातले काहीच पकडायला मिळत नाही.

मराठीत वेगळे काय आहे?

पहिला फरक ठेक्याचा. मराठीत एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ हे उच्चारात एकाच झटक्याचे आकडे आहेत. सहा, नऊ आणि दहा हे मात्र दोन झटक्यांचे. बोट ठेवून मोजणारे मूल प्रत्येक झटक्याला एक वस्तू असे करू लागले, की ‘स’ला एक केळे आणि ‘हा’ला दुसरे अशी गफलत होते. इंग्रजीत पहिल्या दहांत असा आकडा ‘सेव्हन’ एकच आहे. तिथली चाल मराठीवर बसवली, की सातवर ताणलेला सूर येतो आणि सहावर घाई होते. अडचणीचा आकडा नेमका घाईत निघून जातो.

त्यामुळे मराठी आकडेगाण्याची चाल आधी हातावर टाळी देऊन तपासायला हवी. प्रत्येक आकड्याला एकच टाळी, आणि ‘सहा’, ‘नऊ’, ‘दहा’ हे त्या एका टाळीत पूर्ण बसले पाहिजेत. पडद्यावर वस्तू उजळते तो क्षण आणि टाळीचा क्षण एकच असावा. चित्र अर्धा सेकंद आधी किंवा नंतर आले, तरी मुलाच्या दृष्टीने आकडा भलत्याच वस्तूला चिकटतो.

दुसरा फरक अनेकवचनाचा, आणि हा अनुवादकांच्या सहसा लक्षात येत नाही. एक आणि अनेक यांतला फरक भाषेत ठळक ऐकू येत असेल, तर मुलांना पहिले आकडे लवकर उमगतात, असे वेगवेगळ्या भाषांतल्या मुलांची तुलना करणाऱ्या संशोधनात आढळले आहे. जपानीत नामाचे अनेकवचन सक्तीचे नाही. तिथली मुले ‘एक’ थोडा उशिरा शिकतात. स्लोव्हेनियन भाषेत दोघांसाठी वेगळे द्विवचन आहे. तिथल्या मुलांना ‘दोन’ लवकर कळतो.

मराठीत हा फरक काही शब्दांत ऐकू येतो, काहींत येत नाही. ‘एक शेळी, दोन शेळ्या’, ‘एक आंबा, दोन आंबे’, ‘एक केळं, दोन केळी’ यांत तो स्पष्ट आहे. ‘एक बैल, दोन बैल’ किंवा ‘एक दगड, दोन दगड’ यांत शब्द बदलतच नाही. तेव्हा अगदी सुरुवातीच्या, एक आणि दोनच्या चित्रफितींत शेळी, कोंबडी, आंबा, केळे असे शब्द घेणे शहाणपणाचे. बैल नंतर आणावा. तो आणताना मराठीने ‘जोडी’ हा शब्द तयारच ठेवला आहे. बैलजोडी, पैंजणांची जोडी, चपलांची जोडी ही ‘दोन’ची घरचीच ओळख आहे.

माणसे मोजताना मराठी आणखी एक वळण घेते. दोन मुले असली तरी घरात ‘दोघं’ म्हणतात. दोन बहिणी ‘दोघी’ होतात, मग तिघे, तिघी, चौघे. मोठ्यांना यात काही विशेष वाटत नाही, पण नुकताच ‘दोन’ शिकणाऱ्या मुलाला हा दुसराच शब्द वाटू शकतो. पहिल्या चित्रफितींत म्हणून माणसे मोजायला देऊ नयेत. वस्तूंचे दोन-तीन पक्के झाल्यावर ‘आम्ही दोघं, आम्ही तिघं’ असा वेगळा खेळ करावा. इंग्रजीतून आलेल्या कोणत्याही मजकुरात हा खेळ सापडणार नाही, कारण तिथे त्याची गरजच पडत नाही.

अर्धापूरची फणीच का?

अर्धापूर परिसराची ओळख केळीमुळे आहे. इथल्या मुलाने बागेतून कापून आणलेला घड पाहिलेला असतो. घडात फण्या असतात आणि फणीत केळी. आठ-दहा फण्यांचा घड आणि दहा-बारा किंवा त्याहून अधिक केळ्यांची फणी हे त्याच्या डोळ्यांसमोरचे दृश्य आहे. मोजणीसाठी ही रचना फार सोयीची आहे. फणीतली केळी एका रांगेत असतात, जागा सोडत नाहीत आणि एकेक तोडून वेगळी ठेवता येतात. मोजताना एखादी वस्तू सुटणे किंवा तीच दोनदा मोजली जाणे ही लहान मुलांची नेहमीची चूक असते. तोडलेले केळे बाजूला ठेवले, की ती चूक आपोआप कमी होते.

जवळच्या वस्तूंनी शिकवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने गावात परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी गोटे, शिंपले, पाने, बिया अशा भोवतालच्या वस्तूंची साधने केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथे रुजला आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच वाटेवरचा आहे. आज अंगणात फोन आला आहे. साधन बदलले, पण वस्तू मुलाच्या ओळखीची हवी ही अट तशीच आहे.

पाचसाठीही मराठवाड्यात आयता शब्द आहे, तो म्हणजे पाचुंदा. कडब्याच्या पाच पेंढ्या मिळून एक पाचुंदा होतो. हाताची पाच बोटे आणि पाच पेंढ्यांचा पाचुंदा शेजारी शेजारी दाखवला, तर ‘पाच’ ही एकत्र बांधलेली संख्या म्हणून दिसते. शहरी अनुवादात या जागी पाच माकडे उड्या मारत असतात.

एक चित्रफीत प्रत्यक्षात कशी असावी?

‘तीन’ शिकवणारी दीड-पावणेदोन मिनिटांची फीत घेऊ. पात्रे दोनच, एक आजी आणि एक शेळी. समोर चटई आणि तिच्यावर केळ्यांची एक फणी. मागे झाडे, फुलपाखरे, ढग काही नाही. मोजायच्या वस्तूखेरीज हलणारी प्रत्येक गोष्ट मुलाची नजर पळवते.

पहिल्या वीस सेकंदांत शेळी येते. आजी म्हणते, “आली का गं? किती केळी पायजेत तुला?” शेळी तीनदा पाय आपटते. आजी म्हणते, “तीन केळी. बरं.” इथे आकडा आधी आला आहे, मोजणी अजून झालेली नाही.

मग आजी केळी तोडून चटईवर ठेवते. “एक, दोन, तीन. तीन केळी.” शेवटची ही पुनरुक्ती फार महत्त्वाची. मोजून झाल्यावर ‘तीन केळी’ असे पुन्हा म्हटले नाही, तर मुलाला ‘तीन’ हे फक्त शेवटच्या केळ्याचे नाव वाटते. आधी पूर्ण संख्या सांगणे आणि लगेच मोजून दाखवणे या जोडीने मुले अधिक शिकतात, नुसत्या मोजण्याने किंवा नुसत्या सांगण्याने तितके नाही, असे चित्रांच्या पुस्तकांवर केलेल्या प्रयोगांतही दिसले आहे.

शेळी ती तीन केळी खाते आणि पुन्हा तीनदा पाय आपटते. आता आजी चुकते. ती दोनच केळी ठेवते आणि म्हणते, “घे, तीन केळी.” शेळी खात नाही, आजीकडे पाहत उभी राहते. इथे आवाज थांबतो. तीन-चार सेकंद पडद्यावर काहीच घडत नाही. मोठ्यांना हा थांबा लांब वाटतो, संपादन करणाऱ्याचा हात तो कापायला शिवशिवतो, पण मूल बोलणार ते याच जागी. ‘दोनच हायेत!’ असे ते ओरडले, तर फितीचे निम्मे काम झाले. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्ल्यूज क्लूज’ या मालिकेने हा थांबा ठरवून वापरला होता आणि एकच भाग सलग पाच दिवस दाखवला होता. मुले कंटाळली नाहीत. उलट दिवसागणिक ती जास्त उत्तरे देऊ लागली.

थांब्यानंतर आजी मोजते, “एक, दोन. दोनच केळी. अजून एक पायजे.” तिसरे केळे ठेवते. “एक, दोन, तीन. तीन केळी.” शेवटी तीन टाळ्या आणि फीत संपते. पुढची फीत आपोआप सुरू होऊ नये, म्हणून शेवटच्या काही सेकंदांत आजी मुलालाच काम देते, “जा, घरातल्या तीन वाट्या घेऊन ये.”

या साऱ्यात पडद्यावर अंक लिहून दाखवलेला नाही, हेही मुद्दाम. मुलाला फोनवर एक तऱ्हेचा अंक दिसतो, मराठी पुस्तकात देवनागरी. देवनागरी ‘४’ आणि इंग्रजी आठ, किंवा देवनागरी ‘७’ आणि इंग्रजी सहा-नऊ यांत मोठ्यांनाही घाईत गोंधळ होतो. ज्याला अजून ‘तीन’ म्हणजे किती हेच कळलेले नाही, त्याच्यावर दोन लिप्यांचे अंक लादण्यात काही हशील नाही.

आवाजाबाबत एकच सांगण्यासारखे आहे. पार्श्वसंगीत मोजणीच्या जागी पूर्ण थांबावे. छोट्या फोनच्या स्पीकरवर ढोलकीखाली ‘तीन’ आणि ‘चार’ची टोके गिळली जातात, आणि मूल भाषा शिकते ती शब्दाच्या टोकापर्यंत ऐकूनच. बोलणारी बाई नांदेड-हिंगोलीकडच्या बोलीत बोलली तरी चालेल. पुण्याच्या निवेदकाचा आवाज हवाच असे नाही.

आकडे दहाच्या पुढे कधी न्यायचे?

पहिल्या दहा आकड्यांपर्यंत मराठी सोपी आहे. पुढे ती अवघड होते. अकरा, बारा, तेरा यांत ‘दहा आणि एक’, ‘दहा आणि दोन’ असे काही ऐकू येत नाही. एकवीस-बावीसमध्ये एकक आधी बोलला जातो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र उलटे. सीमेपलीकडच्या तेलुगूत एकवीसला ‘इरवै ओकटी’, म्हणजे वीस-एक म्हणतात. देगलूर, बिलोली, धर्माबाद भागातल्या ज्या घरांत तेलुगू बोलली जाते, तिथली मुले हाच क्रम ऐकत वाढतात.

हाच मुद्दा २०१९ मध्ये राज्यभर गाजला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससोबत ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि त्यावरून विधिमंडळापर्यंत वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरे आणि उलटा क्रम मुलांना जड जातो, अशी त्यामागची भूमिका मांडली होती. विरोधकांना ती भाषेची मोडतोड वाटली. वादात दोन्ही बाजूंनी शब्दावरच भर राहिला. शब्द बदलल्याशिवाय त्याचा अर्थ दाखवता येतो, हा मधला मार्ग फारसा चर्चेत आला नाही.

चलचित्राला हा मार्ग सोपा आहे. दहा केळ्यांची फणी आणि शेजारी एक सुटे केळे. “दहा आणि एक, अकरा.” फणी तीच, सुटी केळी दोन. “दहा आणि दोन, बारा.” शब्द परंपरेचा राहतो आणि त्याच्या पोटातले दहा दिसते. मजा येते ती एकोणीसला. दहा-दहाच्या दोन फण्या म्हणजे वीस. शेळी येऊन एक केळे खाते. वीसात एक उणे, एकोणीस. या शब्दाचा मूळ अर्थच तो आहे, आणि एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत तीच युक्ती चालते. नव्व्याण्णव तेवढा वेगळा वागतो. हिंदी-मराठीसारख्या भाषांतच शोभणारी ही गोष्ट आहे, इंग्रजीतून ती उसनी मिळणार नाही. मात्र ती पाच-सहा वर्षांच्या, दहापर्यंत वस्तू बिनचूक मोजणाऱ्या मुलांसाठी. तीन वर्षांच्या मुलासमोर ती ठेवली, तर पुन्हा नुसते पाठांतरच हाती येईल.

घरात मराठी नसेल तर?

नांदेड जिल्ह्यात दखनी उर्दू, बंजारा, तेलुगू बोलणारी घरे आहेत. किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामीही आहे. अंगणवाडीत ही मुले मराठी आकडे ऐकतात, घरी दुसरेच. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांच्या अभ्यासातून एक उपयोगाची गोष्ट कळते. ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’ हे छोटे आकडे मुलाला प्रत्येक भाषेत वेगवेगळे शिकावे लागतात. एका भाषेत ‘दोन’ कळला म्हणून दुसरीत आपोआप कळत नाही. पण मोजण्यातला शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या, हे गमक एकदा कोणत्याही भाषेत सापडले की ते दुसऱ्या भाषेतही कामी येते.

इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्या पालकांसाठीही याच निष्कर्षात उत्तर आहे. मुलाला ‘वन, टू, थ्री’ यावे ही इच्छा गैर नाही. पण मोजणीचे गमक त्याला घरातल्या भाषेत लवकर सापडेल, कारण दिवसभर वाट्या, भाकरी आणि चपला त्याच भाषेत मोजल्या जातात. ते सापडले की इंग्रजीत फक्त नवे शब्द शिकायचे उरतात.

एकच फीत अनेक भाषांत करायची, तर चित्र तेच ठेवून आवाज बदलणे स्वस्त पडते. पण इथेही ठेक्याचा प्रश्न येतो. तेलुगूतले ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू हे आकडे मराठीपेक्षा लांब आहेत. मराठीच्या टाळीवर ते कोंबले, तर इंग्रजी अनुवादाने मराठीवर केला तोच अन्याय मराठी अनुवाद तेलुगूवर करील. प्रत्येक भाषेसाठी केळे ठेवण्याची वेळ नव्याने जुळवावी लागते. दीड मिनिटाच्या फितीत हे काम फार मोठे नाही.

मूल शिकले की नाही, कसे ओळखायचे?

किती जणांनी पाहिले, यावरून ते कळत नाही. एकच मूल तीच फीत चाळीस वेळा लावते, आणि गोंगाटाच्या गाण्याला नेहमीच जास्त पाहणारे मिळतात. खरी तपासणी घरात किंवा अंगणवाडीत दोन मिनिटांत होते.

मुलासमोर एकसारख्या दहा वस्तू ठेवाव्यात. तीन वर्षांच्या आतल्या किंवा अजून तोंडात वस्तू घालणाऱ्या मुलासाठी चिंचोके, मणी घेऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. बांगड्या, वाट्या किंवा सरळ केळीच घ्यावीत. ‘मला एक दे’, मग ‘तीन दे’, मग ‘दोन दे’ असे क्रम मोडून मागावे. मुलाने दिल्यावर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणू नये, चेहऱ्यावरूनही कळू देऊ नये. वस्तू परत ढिगात टाकून पुढचे मागावे. प्रत्येक संख्या तीन वेळा मागून त्यात दोनदा बरोबर आली, आणि दुसरे काही मागितल्यावर मूल तीच संख्या देत बसले नाही, तर ती संख्या त्याला कळली असे धरावे. ‘तीन’ येत नसेल तर ‘चार’ची फीत दाखवण्यात अर्थ नाही. काही दिवस तीनच्याच वस्तू बदलत राहाव्यात.

फितीची मर्यादाही इथेच दिसते. लहान मुले पडद्यावर पाहिलेले प्रत्यक्षात उतरवायला मोठ्यांपेक्षा खूप कमी पडतात. पडद्यावरची तीन केळी ओळखणारे मूल चटईवरच्या तीन वाट्यांपाशी अडू शकते. शेजारी बसलेल्या माणसाने फीत संपताच फोन पालथा घालून तेच वस्तूंनी करून घेतले, तर ही दरी कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडद्याची आहे, कमी असेल तितके बरे, आणि एक वर्षाच्या बाळासाठी पडदा नकोच. दीड मिनिटाची फीत आणि पाच मिनिटांचा वस्तूंचा खेळ या मर्यादेत सहज बसतो. अर्ध्या तासाची गाण्यांची माळ त्यातला निम्मा वेळ एकटीच खाते.

गावात फोनवर चित्रीकरण करणारे तरुण आहेत, बोलीत गोष्ट सांगणाऱ्या आजी आहेत आणि तपासणीसाठी अंगणवाडीतली मुले आहेत. एक ते पाच आकड्यांच्या पाच फिती करायला याहून जास्त काही लागत नाही. करणाऱ्यांनी फक्त एक पथ्य पाळावे. फीत पसरवण्याआधी ती आठ-दहा मुलांना दाखवावी, मग वस्तूंचा ढीग समोर ठेवावा आणि तीन मागावेत. मुले मूठभर उचलून देत राहिली, तर दुरुस्ती फितीत करावी.